वशिंडे मोजून उंट ओळखता येतो का?

उंटाच्या छायाचित्राखाली नाव लिहिताना बहुतेक जण वशिंडे मोजतात. एक दिसले तर अरबी उंट, दोन दिसली तर बॅक्ट्रियन उंट, असा सरळ हिशेब असतो. राजस्थानातील किंवा कच्छमधील छायाचित्रांपुरता तो चालतो, कारण तेथे सगळेच उंट एका वशिंडाचे आहेत. लडाखच्या नुब्रा खोऱ्यातील छायाचित्रांनाही तो बहुधा चालतो, कारण हुंडर आणि दिस्कितच्या वाळूत फिरणारे उंट दोन वशिंडांचे आहेत. यारकंदहून येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर ते तेथे आले आणि तेथेच राहिले. मात्र छायाचित्र तुर्कस्तान, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान किंवा उत्तर इराणमधील असेल, तर हा हिशेब हमखास फसतो. या प्रदेशांत दोन्ही जातींचा संकर शेकडो वर्षांपासून केला जात आहे, आणि या संकरातून जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या उंटालाही वशिंड एकच असते. त्यामुळे वशिंडे किती यापेक्षा ते वशिंड पाठीवर कोठून कोठपर्यंत पसरले आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

उंटाची पाठ बाजूने पाहिली की तिचे तीन भाग मनात पाडता येतात: मानेलगतचा खांद्यांचा भाग, मधली पाठ आणि मागचा कमरेचा भाग. अरबी उंटाचे वशिंड मधल्या पाठीवर असते. त्याच्या पुढे खांद्यांवर आणि मागे कमरेवर पाठीची स्वतःची रेषा मोकळी दिसते. बॅक्ट्रियन उंटात याच्या नेमके उलट असते. त्याचे पुढचे वशिंड खांद्यांच्या वर येते, मागचे कमरेच्या वर येते आणि मधली पाठ खोगिरासारखी खोलगट राहते. स्वार याच खोलगट जागेत बसतो. नुब्रातील उंटावर बसलेला पर्यटक पुढच्या वशिंडाला हात लावून आणि मागच्या वशिंडाला पाठ टेकून बसलेला दिसतो तो यामुळेच, तर राजस्थानी उंटावर वशिंडाच्या वरून लाकडी पलाण कसलेले असते आणि बसण्याच्या जागा त्याच्या पुढेमागे असतात.

पहिल्या पिढीच्या संकरित उंटाचे एकमेव वशिंड या दोन्ही आराखड्यांच्या मधे कोठेतरी बसते. ते बॅक्ट्रियनच्या पुढच्या वशिंडाइतके पुढे सुरू होते आणि मागे कमरेपर्यंत जाते, म्हणजे दोन वशिंडांची जागा एकाच लांब उंचवट्याने व्यापलेली असते. त्यामुळे अरबी उंटात वशिंडाच्या पुढे आणि मागे जी मोकळी पाठ दिसते ती येथे जवळजवळ उरत नाही. या उंचवट्याची वरची कडा नीट पाहिली, तर पुष्कळदा तिच्या पुढच्या भागात एक खाच दिसते. ही खाच साधारण ४ ते १२ सेंटिमीटर खोल असते आणि ती वशिंडाच्या मध्यावर क्वचितच येते. तिच्या पुढचा भाग लहान आणि मागचा भाग मोठा राहतो. दोन वशिंडे जोडली गेल्याचा पुरावा म्हणून याहून चांगली खूण छायाचित्रात मिळणे अवघड आहे. पण ती प्रत्येक जनावरात तेवढीच ठळक नसते. काहींत खाच इतकी उथळ असते की केस वाढल्यावर ती बुजून जाते. म्हणून खाच दिसली तर संकराचा दाट संशय घ्यावा, मात्र ती दिसली नाही म्हणून शुद्ध अरबी उंट असा निकाल देऊ नये.

वशिंडाचा आकार मात्र पुराव्याच्या दृष्टीने फारच बेभरवशाचा असतो. वशिंडात चरबी साठवलेली असते, हाड नसते. उपासमार, आजार, लांबचा प्रवास किंवा दूध देण्याचा ताण यांमुळे ती चरबी वापरली जाते आणि वशिंड बसते. अर्धी रिकामी गोणी जशी एका अंगाला कलंडते, तसे बॅक्ट्रियन उंटाचे वशिंड एका बाजूला लोंबू लागते. कधी पुढचे डावीकडे आणि मागचे उजवीकडे पडते. अशा वेळी एका बाजूने काढलेल्या छायाचित्रात एकच वशिंड दिसते आणि दुसरे पलीकडे लपलेले असते. अशा चित्रात पाठीच्या रेषेकडे पाहावे. उरलेले उभे वशिंड अगदी खांद्यांवर किंवा अगदी कमरेवर असेल, तर त्याचा जोडीदार कोठेतरी पडलेला आहे असे समजण्यास हरकत नाही, कारण अरबी उंटाचे वशिंड या जागी नसते. उलट प्रकारचा घोळही होतो. उंट ओळीने बसलेले असताना एकाच्या मागून दुसऱ्याचे वशिंड डोकावते आणि दोन एकवशिंडी उंटांचा मिळून एक दोनवशिंडी उंट तयार होतो. अशा वेळी पाय आणि माना मोजल्या की गुंता सुटतो.

आता अंगावरच्या केसांकडे येऊ. रंगाचा या कामी उपयोग नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अरबी उंट जवळजवळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटांत आढळतात, बॅक्ट्रियन उंटही फिकट वाळूच्या रंगापासून गडद तपकिरी रंगापर्यंत असतात, आणि संकरित उंटांत दोन्हीकडचे रंग येतात. पाहायचे ते केसांच्या लांबीकडे, आणि त्याहून जास्त ते शरीरावर कोठे वाढले आहेत याकडे.

हिवाळ्यातील पूर्ण वाढीच्या बॅक्ट्रियन उंटाला डोक्यावर दाट झुलपे असतात. मानेच्या वरच्या कडेला आयाळ असते, आणि हनुवटीखालून सुरू झालेली दाढी मानेच्या खालच्या कडेने थेट छातीपर्यंत उतरते. दोन्ही वशिंडांच्या टोकांना केसांचे गुच्छ असतात. पुढच्या पायांच्या वरच्या भागावर, गुडघ्याच्या वर, इतके लांब केस असतात की जनावराने तोकडी, सैल विजार घातली आहे असे वाटावे. शिवाय बाकीच्या अंगावरही दाट लोकर असते. अरबी उंटाचे अंग याच्या तुलनेत तुळतुळीत म्हणावे असे असते. त्याच्या गळ्याखाली, खांद्यांवर आणि वशिंडावर केस थोडे लांब असतात, बाकी ठिकाणी आखूड. संकरित उंटात या दोहोंची वाटणी झालेली दिसते. डोके, गळा, मान आणि पुढच्या पायांचा वरचा भाग येथे केस बॅक्ट्रियनसारखे भरघोस असतात, पण कुशी आणि मांड्या यांवरचे केस त्यामानाने आखूड असतात. एकच वशिंड आणि त्याबरोबर छातीपर्यंत उतरलेली दाढी व पायांवरची ‘विजार’ ही जोडी एकत्र दिसली, तर तो उंट अरबी नव्हे, संकरित आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

येथे आपल्याकडच्या एका जातीबाबत सावध राहावे लागते. बिकानेरी उंटांपैकी काहींच्या पापण्यांवर, भुवयांवर, कानांवर आणि गळ्याखाली लांब केस असतात. केवळ चेहऱ्याचे जवळून काढलेले छायाचित्र पाहून अशा उंटाला संकरित ठरवण्याचा मोह होतो. त्याच्या पुढच्या पायांवर मात्र ती विजार नसते आणि मानेच्या वरच्या कडेला आयाळही नसते, त्यामुळे चित्रात निदान गुडघ्यापर्यंतचे शरीर असेल तर शंका फिटते. शेजारच्या जैसलमेरी उंटाचे डोके लहान, अंग सडपातळ आणि केस आखूड असतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही. बिकानेरच्या उंट महोत्सवातील छायाचित्रांत आणखी एक अडचण असते: तेथे उंटांच्या अंगावरचे केस कातरून त्यांतून वेलबुट्टी आणि चित्रे काढलेली असतात. अशा कातरलेल्या उंटाच्या केसांवरून जातीविषयी काहीही अनुमान काढू नये.

ऋतू लक्षात घेतला नाही तर केसांची खूण दगा देते. बॅक्ट्रियन उंटाची लोकर वसंत ऋतूत झपाट्याने गळते, आणि तीही सारखी गळत नाही. मोठमोठ्या चादरीसारखे तुकडे सुटून अंगाला लोंबत राहतात आणि मधूनमधून उघडी कातडी दिसते. उन्हाळ्यात तोच उंट इतका रोडका आणि आखूड केसांचा दिसतो की हिवाळ्यातील छायाचित्राशी त्याचा संबंध लावणे कठीण जावे. महाराष्ट्रातून लडाखला जाणारे बहुतेक पर्यटक मे ते सप्टेंबर या काळात जातात. त्यामुळे मराठी घरांतील संग्रहात असलेली नुब्राच्या उंटांची छायाचित्रे प्रामुख्याने या गळतीच्या किंवा गळतीनंतरच्या काळातील असतात. त्यांत वशिंडे ढिली आणि अंग ठिगळांचे दिसले, तर ते आजारी किंवा संकरित उंट आहेत असे समजण्याचे कारण नाही. याउलट अरबी उंटाच्या केसांतही ऋतूनुसार फरक पडतो, पण त्याच्या अंगाची रेषा बाराही महिने सुटसुटीत राहते.

तिसरी खूण बांध्याची. केस कातरले किंवा गळले तरी हाडांचा सांगाडा बदलत नाही, म्हणून ही खूण सर्वांत टिकाऊ आहे. अडचण एवढीच की ती पाहण्यासाठी उंट सपाट जमिनीवर उभा आणि बाजूने दिसणारा असावा लागतो. वशिंड सोडून पाठीच्या रेषेपासून छातीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजावे आणि छातीच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराशी त्याची तुलना करावी. अरबी उंटात खालचे अंतर वरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असते. जनावर लांब पायांवर उंच उभे असल्यासारखे दिसते. बॅक्ट्रियन उंटात ही दोन अंतरे एकमेकांच्या बऱ्याच जवळ येतात. त्याचे धड पिंपासारखे गोल असते, पाय आखूड आणि जाड असतात. हे मोजताना छातीखाली लोंबणारे केस धडात धरू नयेत, नाहीतर प्रत्येक हिवाळी उंट आखूड पायांचाच वाटेल.

संकरित उंटाचा बांधा दोन्ही पालकांची सरासरी नसतो. तो दोघांहून मोठा असतो, आणि संकर करण्याचे कारणही मुख्यतः हेच होते. अरबी उंटाची उंची आणि लांब पाय, बॅक्ट्रियनचे भारी धड आणि थंडी सोसण्याची ताकद, या गोष्टी पहिल्या पिढीत एकत्र येतात, आणि त्यात संकरामुळे येणाऱ्या जोमाची भर पडते. चांगल्या पोसलेल्या संकरित नराचे वजन ९०० किलोच्या पुढे जाऊ शकते आणि वशिंडाच्या टोकापर्यंतची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. थंड पठारांवरून जड ओझे नेणाऱ्या अनातोलियातील तांड्यांना हाच उंट हवा असे. पण छायाचित्रात आकार कळण्यासाठी शेजारी काहीतरी मापाचे हवे. उंटाजवळ उभा असलेला माणूस उपयोगी पडतो, मात्र तो उंटाच्या अगदी शेजारी असावा. दोन पावले पुढे उभा असेल तर उंट लहान आणि मागे असेल तर उंट अवाढव्य वाटतो. खालून वर धरलेल्या मोबाइलने काढलेल्या चित्रात तर कोणताही उंट मनोऱ्याएवढा दिसतो. त्यामुळे एकट्या आकारावर निर्णय न देता तो वशिंड आणि केस यांना दुजोरा म्हणून वापरावा.

या सगळ्या खुणा एकत्र कशा लावायच्या हे पाहण्यासाठी तुर्कस्तानातील उंटांच्या झुंजींचे छायाचित्र घ्यावे. एजियन समुद्राच्या बाजूच्या प्रांतांत या झुंजी हिवाळ्यात होतात आणि सेल्चुक येथील जानेवारीतील झुंज विशेष प्रसिद्ध आहे. त्या परंपरेत दोन वशिंडांच्या नराला ‘बुहुर’ म्हणतात, एका वशिंडाच्या मादीला ‘योझ’ म्हणतात आणि त्या दोघांच्या पहिल्या पिढीतील नराला ‘तुलू’ म्हणतात. आखाड्यात उतरतो तो हा तुलू. समजा छायाचित्रात असे दोन नर एकमेकांच्या मानेला मान भिडवून उभे आहेत. आपण वशिंड शोधू लागतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो, कारण वशिंडावर ‘हावुत’ नावाचे जाड, भरीव खोगीर चढवलेले असते आणि त्यावर रंगीत कापड असते. पाठीवर एकच मोठा उंचवटा दिसतो, पण तो खोगिराचा आहे की वशिंडाचा हे कळत नाही. म्हणून वशिंडाचा पुरावा बाजूला ठेवावा लागतो.

मग नजर गळ्याकडे न्यावी. तेथे हनुवटीखालून छातीपर्यंत गडद, दाट दाढी आहे. डोक्यावर झुलपे आहेत. पुढच्या पायांवर गुडघ्याच्या वर केसांचा जाड पट्टा आहे. चित्र हिवाळ्यातील असल्यामुळे केस पूर्ण वाढलेले आहेत आणि या खुणेवर विश्वास ठेवता येतो. एवढ्यावरून शुद्ध अरबी उंट बाद होतो. आता बॅक्ट्रियन बाद करायचा आहे. त्यासाठी हावुतच्या मागचा भाग पाहावा. मागचे स्वतंत्र वशिंड असते तर कमरेवर खोगिराच्या मागे किंवा खोगिराला वर उचलताना ते जाणवले असते. येथे खोगीर एकसंध बसलेले आहे आणि त्याच्या मागे पाठ सरळ उतरते. शेवटी पाय: छातीखाली बरीच मोकळी जागा आहे, पाय लांब आहेत, पण हाडे जाड आहेत, आणि दोरी धरलेल्या माणसाचे डोके जेमतेम उंटाच्या खांद्याशी येते. केस बॅक्ट्रियनचे, पाय अरबी उंटाचे, धड दोघांहून भारी. शिवाय स्थळ आणि प्रसंगही तेच सांगतात. वशिंड एकदाही न दिसता आपण तुलूपर्यंत पोहोचतो.

नर उंट माजावर असताना आणखी एक खूण कधीकधी हाती लागते. माजावरचा अरबी उंट टाळूचा मऊ भाग फुगवून तोंडाच्या कडेने बाहेर काढतो. लालसर गुलाबी फुग्यासारखी पिशवी तोंडातून लोंबते आणि बरोबर गुळगुळ आवाज येतो. न जाणणाऱ्याला ती जीभ किंवा जखम वाटते. बॅक्ट्रियन नर माजावर आला की तोंडाला भरपूर फेस आणतो, पण अशी पिशवी बाहेर काढत नाही. म्हणून चित्रात ती दिसली तर तो शुद्ध बॅक्ट्रियन नाही, एवढे निश्चित.

संकराची पहिली पिढी ओळखणे एकदा जमले की पुढच्या पिढ्याही जमतील असे वाटते, आणि तेथेच छायाचित्राची मर्यादा लागते. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून होणारे खेचर सहसा वांझ असते, पण संकरित उंटांना पिले होतात. कझाकस्तानात पहिल्या पिढीच्या संकराला ‘नार’ म्हणतात. नाराचा पुन्हा बॅक्ट्रियनशी संकर केला की होणाऱ्या संततीला ‘कोस्पाक’ म्हणतात, आणि अरबी उंटाशी केला की ‘कुर्त’. कोस्पाक बॅक्ट्रियनच्या बाजूला झुकतो, कुर्त अरबी उंटाच्या बाजूला. त्यामुळे कुर्ताचे चित्र पाहून अनुभवी माणूसही त्याला जरा केसाळ अरबी उंट म्हणू शकतो, आणि कोस्पाकाला वशिंडांमधली दरी जरा उथळ असलेला बॅक्ट्रियन. पालकांपैकी आई कोणत्या जातीची आणि बाप कोणत्या जातीचा, हेही चित्रावरून सांगता येत नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या असा संकर होत आला आहे, तेथील एकवशिंडी उंटाच्या चित्राखाली ‘बहुधा संकरित’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. पक्के उत्तर मालकाच्या नोंदींतून किंवा जनुकीय तपासणीतूनच मिळते.

दोन वशिंडांच्या बाजूलाही असाच एक पेच आहे. मंगोलिया आणि चीनमधील गोबीच्या वाळवंटी पट्ट्यात रानटी दोनवशिंडी उंट अजून आहेत. त्यांची संख्या हजाराच्या आसपास मानली जाते आणि ते पाळीव बॅक्ट्रियनचे पूर्वज नसून वेगळी जात असल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. त्यांची वशिंडे लहान, टोकदार आणि एकमेकांपासून अंतर राखून असतात, अंग सडपातळ, पाय बारीक आणि केस आखूड, राखाडी-वाळूच्या रंगाचे असतात. उन्हाळ्यात केस गळलेला, वशिंडे बसलेला पाळीव बॅक्ट्रियन वरवर पाहता असाच दिसतो. तेथे आधी कान, नाक आणि मान पाहावी. कानावर खूण असेल, नाकपुडीत वेसणीची लाकडी खुंटी असेल किंवा मानेत दोर असेल, तर तो कोणाचा तरी पाळीव उंट आहे. यांपैकी काही नसेल, तर वशिंडांचे टोक आणि त्यांमधले अंतर पाहायचे. पण तेथेही रानटी आणि पाळीव उंटांचा संकर होतो, आणि तो संकर दुर्बिणीतून काढलेल्या दूरच्या छायाचित्रात वेगळा काढणे शक्य नाही.